पंप म्हणतो दिले, शरीराला मिळाले का?

गेल्या महिन्यात परंडा तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे आणि सहा महिन्यांपूर्वी त्याला इन्सुलिनचा पंप लावला आहे. त्या लिहितात, "खाण्यात बदल नाही, ताप नाही, पंप व्यवस्थित चालू आहे, तरी मधूनच साखर तीनशेच्या वर जाते. पंपावर पाहिले तर सगळे इन्सुलिन दिल्याची नोंद असते. मग चढते कशी?"

हे पत्र वाचताना आमच्याच घरातली एक रात्र आठवली. आमची धाकटी लेकही पंपावर आहे. तिच्या त्या रात्रीचा हिशेब मांडला तर या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडेल. अशा वेळी काय तपासायचे आणि किती वाजता तपासायचे, हेही त्यातूनच कळेल.

आधी पंप काय करतो ते थोडक्यात पाहू. पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन भरतात. ते बारीक नळीतून येते आणि पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बसवलेल्या एका मऊ नळकांडीतून शरीरात जाते. या नळकांडीला कॅन्युला म्हणतात. तिची लांबी साधारण ६ किंवा ९ मिलिमीटर, म्हणजे नखाच्या रुंदीपेक्षाही कमी. नळी, कॅन्युला आणि चिकटपट्टी मिळून जे होते त्याला घरात आपण 'सेट' म्हणतो. मऊ कॅन्युलाचा नेहमीचा सेट दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. पंप दिवसरात्र थेंबथेंब इन्सुलिन सोडत राहतो, त्याला बेसल म्हणतात. जेवताना किंवा साखर उतरवण्यासाठी आपण बटण दाबून जादा देतो, तो बोलस.

दिवसातून चार इंजेक्शने घेणाऱ्या मुलाला त्यातले एक लांब पल्ल्याचे इन्सुलिन मिळते. ते कातडीखाली साठून दिवसभर पाझरते. पंपावरच्या मुलाकडे असा साठा नसतो. त्याच्या अंगात जे काही आहे ते गेल्या तीन-चार तासांतलेच. त्यामुळे कॅन्युला वाकली, तुंबली किंवा कातडीबाहेर निसटली, तर चारेक तासांत शरीर इन्सुलिनवाचून कोरडे पडू लागते. मग साखर तर चढतेच, शिवाय शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साचतात. साखरेपेक्षा खरा धोका या कीटोनचा असतो.

आता त्या रात्रीकडे येऊ. लेक आठवीत आहे. दिवसभराचे तिचे सगळे इन्सुलिन मिळून साधारण ३० युनिट. रात्रीचा बेसल तासाला ०.६ युनिट. एक युनिट तिची साखर सुमारे ५० ने उतरवते आणि पंपात लक्ष्य १२० ठेवलेले आहे. रविवार होता. संध्याकाळी नात्यातल्या वलिम्याला जाऊन आलो. सेटचा तिसरा दिवस संपत आला होता, म्हणून रात्री साडेनऊला नवा सेट बसवला. दहा वाजता साखर १४८ होती. समाधानाने सगळे झोपलो.

रात्री दोनला उठून पाहिले तर २३६. बोट धुऊन पुन्हा तपासले, तोच आकडा. पंपाने हिशेब करून २.३ युनिट सुचवले, आम्ही दिले आणि झोपलो. पहाटे साडेपाचला पाहिले तर ३४२. दादी म्हणाल्या, "कालची बिर्याणी बाधली पोरीला." आम्हालाही तसेच वाटले. पंपाने या वेळी ४ युनिट सुचवले, तेही दिले. सातला लेक उठली ती पोट धरूनच. "अब्बा, मळमळतंय," म्हणाली. साखर ३६१ झाली होती. पाच तासांपूर्वी २.३ आणि दीड तासापूर्वी ४ युनिट देऊनही आकडा खाली यायचे नाव घेत नव्हता. पंपाने एकदाही गजर केला नव्हता. पडद्यावर बॅटरी पूर्ण, इन्सुलिन शिल्लक, सगळे ठीक.

तेव्हा कुठे कीटोन तपासायचे सुचले. रक्तातल्या कीटोनच्या पट्ट्या महाग, म्हणून घरात मोजक्याच ठेवतो. एक वापरली, आकडा आला १.९. सोलापूरच्या डॉक्टरसाहेबांना फोन लावला. सगळे ऐकून ते म्हणाले, "सर, आता पंपातून काही देऊ नका. पेनने ५ युनिट टोचा, मग सेट काढा. आधी टोचायचे, मग काढायचे." त्यांनी पहिली विचारणा उलट्यांची केली. उलटी झालेली नव्हती आणि लेक पाणी पीत होती, म्हणून घरीच थांबायला सांगितले, पण दर तासाला फोन करायचा या अटीवर.

इन्सुलिन टोचून सेट काढला. कॅन्युला मधोमध वाकून काटकोनात वळलेली होती. चिकटपट्टीच्या आतली बाजू ओलसर होती आणि तिला फिनाईलसारखा वास येत होता. हा वास इन्सुलिनमध्ये टिकाऊपणासाठी घातलेल्या पदार्थांचा असतो. एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. म्हणजे रात्रभरातले बहुतेक इन्सुलिन कातडीखाली न जाता कॅन्युलाच्या कडेने वर येऊन पट्टीत मुरत होते. हिशेब केला तर साडेनऊ तासांचा बेसल ५.७ युनिट आणि दोन बोलसचे ६.३, असे मिळून १२ युनिट. पंपाच्या नोंदीत ही बाराही युनिटे 'दिली' होती.

आपल्या धाराशिवच्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. ठिबकची मोटर चालू असते, मीटर फिरत असते, एवढे लिटर पाणी गेले असा आकडाही मिळतो. पण लॅटरल मध्येच निसटली असेल तर पाणी बांधावर वाहते आणि झाड सुकते. मीटर खोटे बोलत नाही. ते निघालेले पाणी मोजते, मुळाशी पोचलेले मोजत नाही. पंपाचेही तसेच आहे.

मग गजर का झाला नाही? अडथळ्याचा गजर दाबावर चालतो. नळी पूर्ण बंद झाली आणि मागे इन्सुलिन तुंबून दाब वाढला तरच पंपाला कळते. त्यातही दोन अडचणी आहेत. पहिली, दाब वाढायला काही युनिट तुंबावी लागतात. मोठ्या माणसाचा बेसल जास्त असतो, त्याला लवकर कळते. लहान मुलाचा बेसल तासाला अर्धा युनिट किंवा त्याहून कमी असेल तर गजर व्हायला कित्येक तास जाऊ शकतात. दुसरी, आमच्यासारखे झाले, म्हणजे इन्सुलिन कडेने गळत राहिले किंवा कॅन्युला पट्टीखालीच बाहेर निसटली, तर दाब वाढतच नाही. मग गजर कधीच होत नाही. म्हणून 'गजर झाला नाही, म्हणजे सेट ठीक आहे' हा निष्कर्ष काढायचा नाही. वरून पट्टी नीट चिकटलेली दिसली, एवढ्यावरही विसंबायचे नाही, कारण वाकलेली कॅन्युला काढल्याशिवाय दिसत नाही.

यातून तपासणीच्या बाबतीत आम्ही तीन गोष्टी शिकलो.

पहिली गोष्ट, दुरुस्तीचा बोलस हीच सेटची परीक्षा समजायची. कारण न कळता साखर २५० च्या वर गेली की आधी हात साबणाने धुऊन बोटाच्या रक्तावर खात्री करावी. केळे किंवा आंबा सोललेल्या बोटावर आकडा फसवा चढतो. दंडावर सेन्सर असला तरी या वेळी बोट टोचून पाहावे. मग लगेच कीटोन पाहावेत. कीटोन ०.६ च्या खाली असतील आणि मूल ठीक असेल तर पंपातून एकदा, फक्त एकदाच, दुरुस्तीचा बोलस द्यावा आणि घड्याळ लावून एका तासाने पुन्हा तपासावे. आकडा उतरू लागला तर सेट चालू आहे आणि कारण जेवणात किंवा आजारात शोधावे. बिर्याणीसारख्या तुपकट जेवणाने साखर उशिरापर्यंत चढते हे खरे आहे. पण ती साखर इन्सुलिनला दाद देते. तासाभराने आकडा तिथेच असेल किंवा वाढला असेल तर त्या सेटवरचा विश्वास संपला. दुसरा बोलस त्याच वाटेने द्यायचा नाही. पेनने टोचायचे आणि सेट बदलायचा. आमचे इथेच चुकले. दोनला बोलस देऊन आम्ही तीनला तपासायला हवे होते, आम्ही साडेपाचला तपासले. आणि साडेपाचला पेन हातात घ्यायला हवा होता, तर पुन्हा त्याच वाटेने ४ युनिट सोडले. २३६ हा आकडा अडीचशेच्या आत होता म्हणून कीटोनही पाहिले नाहीत. पण साडेचार तासांपूर्वी बदललेला सेट आणि झोपेत चढत गेलेली साखर, एवढी खूण पुरेशी होती.

दुसरी गोष्ट, नुसती साखर पाहून भागत नाही. ३६१ हा आकडा गोड खाल्ल्यानेही येतो आणि इन्सुलिन बंद पडल्यानेही येतो. साखरेच्या मीटरवर दोन्ही सारखेच दिसतात, फरक कीटोन सांगतात. रक्तातले कीटोन ०.६ पर्यंत असतील तर काळजी नाही. ०.६ ते १.५ असतील तर इन्सुलिन कमी पडते आहे असे समजून पेनने टोचावे, सेट बदलावा. १.५ च्या वर असतील तर टोचून लगेच डॉक्टरांना फोन करावा. ३ च्या वर गेले तर घरी थांबायचेच नाही, दवाखाना गाठायचा. वारंवार उलट्या, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला सडक्या फळासारखा वास किंवा गुंगी यातले काहीही दिसले तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. उलट्या चालू असतील तर पाणी पोटात टिकत नाही आणि ते घरी सांभाळता येत नाही.

पुष्कळ घरांत लघवीच्या पट्ट्या असतात. त्या स्वस्त आहेत आणि काहीच नसण्यापेक्षा खूप बऱ्या आहेत. पट्टी जांभळी झाली म्हणजे कीटोन आहेत. पण मूत्राशयात साचलेली लघवी गेल्या काही तासांची गोष्ट सांगते, आत्ताची नाही. त्यामुळे सुरुवातीला ती उशिरा जांभळी होते आणि मूल बरे होऊ लागले तरी जांभळीच राहते. लघवीची पट्टी साफ दिसली पण पोटात दुखते, मळमळते आणि साखर उतरत नाही, तर पट्टीवर नाही, मुलावर विश्वास ठेवावा. डबी एकदा उघडली की पट्ट्यांना दमट हवा लागते. झाकण घट्ट लावावे आणि डबीवर उघडल्याची तारीख लिहावी.

तिसरी गोष्ट पंपाच्या पडद्यावरच्या एका आकड्याची आहे. शरीरात अजून किती इन्सुलिन काम करते आहे हे पंप दाखवतो, म्हणजे 'शिल्लक इन्सुलिन'. सकाळी सातला आमच्या पंपाने साधारण ३ युनिट शिल्लक दाखवली. ३६१ साखरेला ४.८ युनिट लागतात, त्यातून ही ३ वजा करून त्याने जेमतेम १.८ युनिट सुचवले. त्याची वजाबाकी बरोबर होती, पण वजा केलेली ती ३ युनिटे शरीरात नव्हती, चिकटपट्टीत होती. सेटवर संशय आला की पंपाचा हा हिशेब बाजूला ठेवावा आणि डोस डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या तक्त्यावरून किंवा त्यांना विचारून घ्यावा. याची उलटी बाजूही आहे. पेनने टोचलेले इन्सुलिन पंपाला माहीत नसते. नवा सेट बसला की तो साखर पाहून आपल्या समजुतीने आणखी देऊ पाहतो आणि मग साखर एकदम खाली जाऊ शकते. म्हणून डॉक्टरसाहेबांनी आम्हाला सांगितले, "चार तास पंपातून दुरुस्तीचा बोलस नको, बेसल मात्र चालू ठेवा." ज्यांचा पंप आपोआप डोस ठरवतो त्यांनी तेवढा वेळ तो आपोआपचा भाग बंद ठेवावा का आणि किती वेळ, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावे.

त्या सकाळचे पुढचे आकडे असे. सात वाजता टोचले. सातवीसला नवा सेट बसवला, नवे इन्सुलिन भरून आणि पोटाच्या दुसऱ्या बाजूला. आठला साखर ३३८, कीटोन १.६. नऊला २८१ आणि १.०. दहाला २१४ आणि ०.६. अकराला १५८ आणि ०.३. दर अर्ध्या तासाला ती पाणी पीत होती. अकराला लघवीची पट्टी लावून पाहिली तर ती अजून जांभळीच होती. फक्त ती पट्टी पाहिली असती तर आम्ही घाबरून आणखी इन्सुलिन टोचले असते.

आता टोचण्याबद्दलची एक सावधगिरी, कारण इथे आपल्याकडे फार मोठी चूक होऊ शकते. पंपातले इन्सुलिन १०० ताकदीचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सरकारी दवाखान्यात आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या बाटल्या ४० ताकदीच्या असतात आणि त्यांची लाल टोपीची सिरिंज वेगळी असते. पेन सापडला नाही म्हणून घाईत पंपाच्या बाटलीतले इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने पाचच्या खुणेपर्यंत ओढले, तर मुलाला ५ नाही, साडेबारा युनिट मिळतील. म्हणजे अडीचपट. १०० च्या इन्सुलिनला नारिंगी टोपीची, १०० ची सिरिंजच लागते. आम्ही लाल टोपीची एकही सिरिंज घरात ठेवत नाही. पंपाच्या डब्यात एक पेन, सुया, नारिंगी टोपीच्या दोन सिरिंज, एक जादा सेट आणि कीटोनच्या पट्ट्या कायम असतात. तसाच छोटा डबा शाळेच्या दप्तरात असतो आणि वर्गशिक्षकांच्या वहीत डॉक्टरांचा नंबर असतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सेट काढताना पाळायची. अडथळ्याचा गजर झाला असेल तर आधी नळी अंगापासून वेगळी करावी, मग पंपावरचे बटण दाबावे. नळीत तुंबलेला दाब सुटला तर ती दोन-चार युनिटे एकदम अंगात जाऊ शकतात. आणि जुन्या नळीतले इन्सुलिन परत भरू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो. अंगाला लागून उन्हात फिरलेले इन्सुलिन ३७ अंशांपुढे तापले असेल तर ते ताकद गमावून बसते, आणि त्यानेही साखर अशीच विनाकारण चढते.

त्या रात्रीनंतर आमच्या घरात एकच नियम बदलला. सेट कधीच झोपण्याआधी बदलायचा नाही. शाळेतून आल्यावर, चारच्या खाण्याआधी बदलायचा. मग खाण्याचा बोलस नव्या सेटमधून जातो आणि सहाला साखर तपासली की सेट चालतो की नाही हे जागेपणीच कळते. वाकलेल्या कॅन्युलाची खूण बहुधा पहिल्या काही तासांतच दिसते, ते तास झोपेत जाऊ द्यायचे नाहीत. आणि ज्या जागी वारंवार सुया टोचून कातडी कडक किंवा गुठळीसारखी झाली आहे, तिथे सेट बसवायचा नाही. तिथे कॅन्युला सरळ बसली तरी इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

परंड्याच्या भगिनी, तुमच्या मुलाची साखर पुन्हा अशी चढली तर काढलेली प्रत्येक कॅन्युला उजेडात धरून बघा, पट्टीचा वास घ्या आणि सेट बदलल्याची वेळ वहीत लिहा. चार-सहा वेळच्या नोंदी झाल्या की चढलेली साखर सेटच्या कितव्या तासाला येते ते दिसू लागेल. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मुलाचा डोस किती हे तेच ठरवतील. इथे आम्ही दिलेली युनिटे आमच्या लेकीची आहेत, ती तुमच्या मुलाला वापरू नका.